कोरड्या खड्ड्यात पाण्याची पातळी

शिरूर तालुक्यात रांजणगावे दोन आहेत. एक महागणपतीचे, पुणे-नगर रस्त्यावरचे, आता एमआयडीसीमुळे सर्वांना ठाऊक झालेले. दुसरे रांजणगाव सांडस, भीमेच्या काठचे. त्याच्या पलीकडच्या तीरावर दौंड तालुका लागतो आणि मुळा-मुठा भीमेला मिळते ती याच परिसरात. माळावरच्या जमिनीत हातभर खणले की मुरूम लागतो. नदीकाठच्या काळ्या, भारी जमिनीत पुरुषभर खड्डा घेतला तरी माती संपत नाही. पाऊस मात्र दोन्हीकडे कमीच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही मोठा वाटा सप्टेंबरचा.

एवढ्या कमी पावसाच्या मुलखात जमीन पाणथळ होण्याचा प्रश्नच नको होता. पण शिरूरला चासकमान आणि घोडचे कालवे आले, दौंडला खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा आला, नदीवर उपसा मोटरी बसल्या आणि भीमा ते मुळा-मुठा या दुआबातल्या राहू बेटापासून खालपर्यंत ऊस पसरला. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात अडीच मीटरच्या आसपास पाणी दिले जाते, म्हणजे आकाशातून पडते त्याच्या पाचपट. यातले पिकाने न उचललेले पाणी खाली मुरते, आणि सखल भागात जिथे वाट अडते तिथे साठून राहते. मग सप्टेंबरच्या पावसानंतर काही रानांत तीन-तीन आठवडे वाफसा येत नाही, उसाची पाने पिवळी पडतात, हरभऱ्याचा पेरा लांबतो.

अडचण अशी की जमीन विकत घेणारा, खंडाने करणारा किंवा भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकणारा माणूस बहुधा उन्हाळ्यात येतो. तेव्हा खड्डा घेतला तर तो कोरडाठाक निघतो. सप्टेंबरात पाणी कुठवर चढते आणि किती दिवस राहते, हे मे महिन्यात सांगायचे कसे? त्याचे उत्तर खड्ड्याच्या भिंतीवर असते. गंजासारखे तांबूस डाग, राखाडी पट्टे आणि काळे ठिपके, यांवरून मृदा सर्वेक्षक त्या जमिनीचा निचरा ठरवतात. हे वाचन नेमके कसे करायचे आणि आपल्या काळ्या मातीत ते कुठे चकवते, ते पाहू.

हवा संपली की लोह हलते

मातीचा तांबूस, पिवळा किंवा तपकिरी रंग प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडचा असतो. मातीच्या कणांवर त्याचा पातळ लेप असतो. कोरड्या किंवा वाफशातल्या मातीत हा लेप पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंग जागच्या जागी राहतो.

सगळी छिद्रे पाण्याने भरली की चित्र बदलते. पाण्यातून प्राणवायू अतिशय सावकाश सरकतो. मातीतले जिवाणू आणि मुळे उरलेला प्राणवायू उबदार दिवसांत दोन-तीन दिवसांत संपवतात. तरी जिवाणूंचे काम थांबत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजवताना निघणारे इलेक्ट्रॉन कुणालातरी द्यावे लागतात. प्राणवायू नसेल तर ते नायट्रेटला दिले जातात. युरियातून तयार झालेला नायट्रेट याच टप्प्यावर वायू होऊन उडून जातो. पाणी साचलेल्या उसाचा पिवळेपणा बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. नायट्रेट संपत आला की मँगनीजची पाळी येते, आणि त्यानंतर लोहाची.

इलेक्ट्रॉन मिळालेले लोह पाण्यात विरघळते आणि त्या पाण्याबरोबर हलू लागते. जिथून ते निघून गेले तिथे कणावरचा लेप धुतला जातो आणि खालच्या मातीचा मूळ फिका, राखाडी रंग उघडा पडतो. हे लोह ज्या ठिकाणी पुन्हा हवेला भेटते तिथे गंज होऊन बसते. ही जागा मुळाच्या पोकळीची भिंत असू शकते, भेगेची कड असू शकते किंवा अर्धवट ओल्या ढेकळाचा गाभा असू शकतो. मँगनीजचेही तसेच, फक्त त्याचे ठिपके काळे असतात.

यातून दोन गोष्टी कळतात. राखाडी आणि गंज ही एकाच घटनेची दोन टोके आहेत, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी दिसली तरच पाण्याचा पुरावा पक्का धरावा. दुसरे म्हणजे मँगनीज लोहाच्या आधी सुटते. ज्या थरात नुसते काळे मऊ ठिपके आहेत आणि राखाडी काहीच नाही, तिथे पाणी आले, पण फार दिवस थांबले नाही. लोह सुटून राखाडी रंग दिसायला उबदार मातीतही सलग एक ते तीन आठवडे पाणी तुंबावे लागते, आणि तेही दर वर्षी.

खड्डा आणि रंगपुस्तिका

वाचनासाठी खड्डा दीड मीटर खोल हवा, आणि त्याची एक भिंत सरळ उन्हात यायला हवी. जेसीबीच्या बकेटने भिंत चोपडी होते, डाग पुसले जातात. म्हणून त्या भिंतीचा बोटभर थर सुरीने किंवा खुरप्याच्या टोकाने उकरून ताजा पृष्ठभाग उघडा करतात. ढेकूळ कापायचे नाही, हाताने फोडायचे. ते आपल्या नैसर्गिक भेगांवर फुटते आणि डाग नेमका कुठे आहे ते कळते. कोरडी माती असेल तर पाण्याचा फवारा मारून ओलसर करतात, कारण कोरड्या आणि ओल्या मातीचा रंग दोन-तीन पायऱ्यांनी बदलतो.

रंग मोजायला मन्सेल रंगपुस्तिका वापरतात. तिच्या प्रत्येक पानावर रंगाच्या चौकटी असतात आणि प्रत्येक रंगाला तीन भागांचे नाव असते. १० वायआर ३/२ असे लिहिले असेल तर १० वायआर म्हणजे पिवळट तपकिरी छटा, ३ म्हणजे उजळपणा, आणि २ म्हणजे रंगाचा भडकपणा. उजळपणा जितका कमी तितकी माती काळी. भडकपणा जितका कमी तितकी ती राखाडीकडे झुकलेली. गॉगल काढून, दुपारच्या जवळपासच्या उन्हात ही जुळवणी करतात. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात प्रत्येक माती गंजलेली दिसते.

मग डागांबद्दल चार गोष्टी नोंदवतात: ते किती जागा व्यापतात, केवढे आहेत, मूळ मातीपासून किती उठून दिसतात, आणि त्यांची कड कशी आहे. दोन टक्क्यांहून कमी जागा म्हणजे तुरळक, दोन ते वीस टक्के म्हणजे मध्यम, त्यापुढे भरपूर. शेवटची गोष्ट, म्हणजे कड, सर्वात महत्त्वाची असूनही घाईत राहून जाते. पसरट, विरत गेलेली कड हल्लीच्या हालचालीची खूण आहे. धारदार कडेची, नखाने न फुटणारी, गोल गुंडी बहुधा जुनी असते किंवा पुराबरोबर वाहत आलेली असते.

गंज आत की बाहेर

एवढ्यावरून पाणी होते हे कळते. ते वरून अडले की खालून चढले, हे कळायला ढेकळाचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात: भेगेकडची किंवा मुळाच्या पोकळीकडची बाहेरची बाजू, आणि ढेकळाचा गाभा.

पाणी वरून आले आणि खाली घट्ट थरावर अडले, तर ते आधी भेगांत आणि मुळांच्या पोकळ्यांत भरते. सेंद्रिय खाद्यही तिथेच जास्त असते. म्हणून प्राणवायू आधी भेगेच्या कडेला संपतो, लोह तिथून सुटते आणि आत, जिथे ढेकळाच्या गाभ्यात थोडी हवा कोंडून राहिलेली असते, तिथे जाऊन बसते. ढेकूळ फोडले की बाहेरचा पृष्ठभाग राखाडी दिसतो आणि दोन-तीन मिलिमीटर आत तांबूस रेषा लागते.

पाणी खालून चढले तर याच्या उलट होते. सगळा गाभा संथपणे भिजलेला असतो, त्यातले लोह सुटते. पाणी उतरू लागले की हवा पहिल्यांदा मोठ्या पोकळ्यांतून खाली शिरते, आणि लोह तिथेच बसते. अशा मातीत गाभा फिका राखाडी असतो आणि मुळांच्या पोकळ्यांना आतून गंजाचे अस्तर असते. जाड मुळाची जुनी पोकळी उभी चिरली तर विटकरी रंगाची नळी सबंध निघते.

जिवंत उसाच्या मुळाभोवती असे ताजे, नारिंगी अस्तर असेल तर तो पुरावा सर्वात भक्कम मानावा. ते मूळ या हंगामातले आहे, म्हणजे गंजही या हंगामातलाच आहे.

या दोन खुणांवर उपाय अवलंबून असतो. वरून अडलेल्या पाण्याला नांगरतळ फोडायचा असतो, पाणी देण्याची पद्धत बदलायची असते. खालून चढलेल्या पाण्याला खोल चर किंवा सच्छिद्र पाइप हवेत. निदान उलटे झाले तर एकरी मोठा खर्च करून टाकलेला पाइप कोरडा राहतो आणि वर पाणी तसेच उभे.

काळ्या मातीत नियम कुठे अडतो

परदेशी पुस्तकांतला सोपा नियम असा की भडकपणा दोन किंवा त्याहून कमी असेल तर माती पाण्याखाली राहते. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावला तर पुणे जिल्ह्यातली निम्मी काळी जमीन दलदल ठरेल. बेसॉल्टपासून झालेल्या भारी काळ्या मातीचा रंग चांगल्या निचऱ्याच्या रानातही १० वायआर ३/१ किंवा ३/२ असतो. तो काळेपणा चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या सेंद्रिय द्रव्याचा असतो, लोह निघून गेल्याचा नसतो. म्हणूनच नियमाचा दुसरा अर्धा भाग विसरून चालत नाही: भडकपणा कमी आणि उजळपणाही किमान चार हवा. राखाडी डाग काळ्या मातीपेक्षा फिका असला पाहिजे आणि त्याच्या शेजारी गंज असला पाहिजे.

दुसरी अडचण चुन्याची. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आणि भुकटी असते, आणि सामू आठच्या पुढे जातो. अशा अल्कधर्मी मातीत लोह सुटायला जास्त कडक प्राणवायुहीन अवस्था लागते आणि सुटलेले लोहही फार लांब जात नाही. परिणामी पाणी खरोखर तुंबलेल्या जमिनीतही डाग पुसट राहतात. त्यातच चुन्याची पांढुरकी पुटे राखाडी डागासारखी भासतात. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की निकाल लागतो. फसफसले तर चुना.

काळे ठिपकेही असेच चकवतात. कुजलेल्या मुळाचा तुकडा आणि मँगनीजचा ठिपका काळ्या मातीत एकसारखे दिसतात. औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब मँगनीजवर पडला की तो तत्क्षणी जोरात फसफसतो. सेंद्रिय तुकड्यावरचे बुडबुडे सावकाश आणि कमी येतात. या मातीत लोह लवकर बोलत नसल्याने मँगनीजचे मऊ काळे ठिपके हीच अनेकदा पहिली खूण असते, म्हणून ही तपासणी टाळू नये.

तिसरी अडचण मातीच्या हालचालीची. भारी काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते आणि तिची ढेकळे एकमेकांवर घासून चकचकीत तिरप्या पृष्ठभागांवरून सरकतात. या दरवर्षीच्या उलथापालथीत पातळ डाग चोळवटून जातात. चकचकीत पृष्ठभागावरचा फिका रंग घासण्याचा आहे की लोह गेल्याचा, हे ठरवायला त्याच्यामागे आत गंजाची रेषा आहे का, तेच पाहावे लागते.

माळावरचे रंग दगडाचे

गणपतीच्या रांजणगावाच्या बाजूच्या माळावर खड्डा घेतला तर रंगांचा उत्सवच दिसतो. मुरुमात हिरवट, पिवळे, विटकरी, पांढरे पट्टे असतात. नवख्या माणसाला ते पाण्याचे डाग वाटतात. खरे तर ते बेसॉल्ट कुजतानाचे रंग आहेत. लाव्ह्याच्या बुडबुड्यांच्या जागी भरलेली झिओलाइटसारखी पांढरी खनिजे, हिरवट चिकण खनिजे, दोन लाव्हाथरांमध्ये सापडणारा लाल गेरूसारखा थर, हे सगळे माती होण्याआधीपासूनचे.

ओळख सोपी आहे. दगडाचा रंग दगडाच्या रचनेला धरून असतो: तो खड्याच्या आत शिरतो, बुडबुड्याच्या आकाराचा असतो किंवा सलग आडव्या थरात जातो. पाण्याचा डाग मुळाच्या पोकळीला, भेगेला किंवा ढेकळाच्या कडेला धरून असतो. मुरुमाचा तुकडा फोडून आतही तोच हिरवा निघाला तर निचऱ्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. या माळाची जमीन निचऱ्याच्या दृष्टीने अतिनिचऱ्याची किंवा उत्तम निचऱ्याची. तिची तक्रार पाणी न टिकण्याची आहे.

खोली आणि वर्ग

निचऱ्याचे सात वर्ग मानण्याची रीत आहे: अतिनिचरा, काहीसा अतिनिचरा, उत्तम, मध्यम, काहीसा अपुरा, वाईट आणि अतिशय वाईट. वर्गाची मूळ व्याख्या पाणी किती वेळा आणि किती दिवस थांबते यावर आहे, रंगावर नाही. रंग हा त्या दिवसांचा ठसा, म्हणून सर्वेक्षक ढोबळमानाने खोली वापरतात. गंजासह राखाडी डाग एक मीटरच्या आत दिसलेच नाहीत तर उत्तम निचरा. ५० ते १०० सेंटिमीटरमध्ये पहिल्यांदा दिसले तर मध्यम. २५ ते ५० मध्ये दिसले तर काहीसा अपुरा. २५ सेंटिमीटरच्या आत राखाडीच मुख्य रंग झाला तर वाईट. नेमक्या सीमा प्रदेशागणिक बदलतात.

पाटबंधारे खात्याची पाणथळ जमिनीची मोजणी वेगळी असते हेही लक्षात ठेवावे. १९९१ मध्ये केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाच्या कार्यगटाने भूजलपातळी दोन मीटरच्या आत असलेली जमीन पाणथळ आणि दोन ते तीन मीटरमधली धोक्याच्या उंबरठ्यावरची धरली. ती विहिरीतल्या पाण्याची खोली झाली. मातीचा निचरावर्ग मुळांच्या थरापुरता असतो, म्हणून एकाच रानाबद्दल दोन्ही कागद वेगळे बोलू शकतात.

एक खड्डा वाचून पाहू

आता नदीकाठच्या उसाच्या रानातला एक नमुन्याचा खड्डा घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण या पट्ट्यातल्या भारी जमिनीला धरून आहेत. खोडव्याचे रान आहे, मे महिना आहे, पाणी बंद होऊन महिना झाला आहे.

वरचे वीस सेंटिमीटर: १० वायआर ३/२, दाणेदार, डाग नाहीत. २० ते ३४ सेंटिमीटर: घट्ट, आडव्या पापुद्र्यांचा थर. ढेकूळ फोडले तर बाहेरची बाजू १० वायआर ५/२ अशी फिकी, आणि आत साधारण तीन मिलिमीटरवर तांबूस रेषा. जिवंत मुळांना नारिंगी अस्तर. ३४ ते ७५ सेंटिमीटर: १० वायआर ३/१, चकचकीत तिरपे पृष्ठभाग, एकही डाग नाही, पेरॉक्साइड टाकले तरी फसफस नाही. ७५ ते ११०: मूळ रंग १० वायआर ५/२, त्यात ७.५ वायआर ५/६ रंगाचे गंजाचे अस्तर जुन्या पोकळ्यांना, सुमारे दहा टक्के जागेवर; मऊ काळे ठिपके पेरॉक्साइडला जोरात फसफसतात; सगळ्यांच्या कडा विरत गेलेल्या. ११० ते १५०: पिवळसर पोयट्याचा थर, चुनखडीचे खडे, आणि मिरीएवढ्या कडक, गोल, काळ्या गुंड्या, कड धारदार.

खालून वर वाचू या. ११० च्या खालच्या कडक गुंड्या हिशेबात घ्यायच्या नाहीत. त्या आजच्या पाण्याने झालेल्या नाहीत. नदीने पूर्वी कधी आणून टाकल्या असतील किंवा गाळ साचला त्या काळच्या असतील. ७५ ते ११० मध्ये गाभा फिका आणि पोकळ्यांना गंजाचे अस्तर, म्हणजे पाणी खालून चढते. विरत गेलेल्या कडा सांगतात की ते अजूनही चढते. वरची मर्यादा ७५.

३४ ते ७५ चा थर स्वच्छ आहे. खालचे पाणी वरपर्यंत येत असते तर तो वगळून वर पोहोचलेच नसते. याचा अर्थ २० ते ३४ मधले डाग वेगळ्या पाण्याचे आहेत. तिथे राखाडी बाहेर आणि गंज आत, म्हणजे पाणी वरून आले आणि नांगरतळावर अडले. दर पाळीला पाट सोडला की आठवडा-आठवडा ते तिथे बसून राहते, आणि जिवंत मुळांवरचे अस्तर सांगते की हे याच हंगामात घडले.

खोलीचा तक्ता डोळे मिटून लावला तर २० सेंटिमीटरवरच्या राखाडीमुळे हे रान काहीसे अपुरे ते वाईट ठरेल, आणि सर्वेक्षक अहवालात पाइपची शिफारस लिहील. पण निचरावर्ग हा जमीन ज्या अवस्थेत घडली त्या अवस्थेचा धरायचा असतो. ट्रॅक्टरच्या चाकाने आणि ओल्यातल्या नांगरटीने तयार झालेला थर स्वतंत्र शेरा म्हणून लिहायचा असतो. म्हणून नोंद अशी होईल: मध्यम निचरा, खालचे पाणी ७५ सेंटिमीटरपर्यंत, शिवाय २० ते ३४ मध्ये नांगरतळावर पाणी अडते. पहिला खर्च सबसॉयलरचा, तोही माती कोरडी असताना, कारण ओल्या भारी मातीत त्याचा फाळ थर फोडण्याऐवजी लिंपून काढतो. नंतर पाळ्या लांबवणे किंवा ठिबक. पाइपचा विचार खालचे पाणी वर सरकते आहे असे मोजून दिसले तर.

डाग खोटे बोलतात तेव्हा

रंगाची एक खोड अशी की तो पाण्याच्या मागून चालतो. चर खणून पाणी उतरवले तरी जुने डाग कित्येक दशके भिंतीवर राहतात, विशेषतः कडक झालेल्या गुंड्या. याउलट कालवा आल्यावर पाणी नव्याने चढले असेल तर पहिली काही वर्षे डाग उमटलेलेच नसतात. खोल थरात सेंद्रिय पदार्थ कमी असतात, तिथे जिवाणूंना खाद्यच नसल्याने पाणी भरूनही लोह सुटत नाही. वाळू-गोट्यांतून कालव्याचे ताजे पाणी झिरपत असेल तर त्यात प्राणवायू असतो, आणि माती भिजूनही रंग बदलत नाही. म्हणून डाग असणे हा कधीतरी पाणी असल्याचा पुरावा आहे, पण डाग नसणे हा पाणी नसल्याचा पुरावा नाही.

याच जिल्ह्यात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी महागात पडली आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामतीकडच्या कोरडवाहू काळ्या रानांत ऊस आला. काही दशकांतच सखल जमिनी चिबड झाल्या, क्षार वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सिंचनाची पद्धत शेतीला जुळवून घ्यावी म्हणून मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये जो खास विभाग उभारला, त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींचे, खड्डे घेऊन थरांवरून केलेले वर्गीकरण बसू आणि शिरूर या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडले. पाणी सोडण्याआधी हे खड्डे घेतले असते तर त्यांत चिबडाची खूण सापडलीच नसती, कारण तेव्हा ती माती कोरडवाहूच होती. कोणत्या थरावर पाणी अडेल एवढे मात्र त्या खड्ड्यांतून कळले असते.

म्हणून कालव्याखालच्या जमिनीत रंगाच्या वाचनाला पाण्याच्या मोजणीची जोड द्यावी लागते, आणि तिला खर्च फारसा नाही. दोन मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, त्याच्या खालच्या मीटरभराला भोके पाडून त्यावर जाळी गुंडाळायची, खड्ड्यात उभा करून सभोवार भोकांच्या उंचीपर्यंत भरड वाळू भरायची आणि त्यावर जमिनीपर्यंत चिकणमाती दाबायची, म्हणजे पावसाचे किंवा नांगरतळावर अडलेले पाणी पाइपाच्या कडेने थेट आत उतरणार नाही. नांगरतळावर पाणी अडत असेल तर दुसरा आखूड पाइप त्या थरापर्यंतच लावायचा. दोन्ही पाइपांतले पाणी वेगवेगळ्या पातळीला उभे राहिले तर अडलेले आणि चढलेले पाणी वेगळे आहे हे डोळ्यांनी दिसते. जून ते डिसेंबर दर पंधरवड्याला काडी बुडवून नोंद घ्यायची, पाटाची पाळी होती का तेही लिहायचे.

आणखी एक तपासणी पाणी उभे असतानाच करता येते. अल्फा-अल्फा डायपिरिडिल नावाचे रसायन ताज्या फोडलेल्या ढेकळावर टाकले आणि गुलाबी-लाल रंग आला तर त्या क्षणी विरघळलेले लोह तिथे आहे, म्हणजे मातीतली हवा आत्ता संपलेली आहे. कुदळीचा लोखंडी पृष्ठभाग लागलेल्या जागी ते टाकू नये, खोटा लाल रंग येतो. रसायन विषारी असल्याने हातमोजे लागतात. आपल्या चुनखडीच्या मातीत रंग न येणे म्हणजे हवा आहे, असे मात्र समजू नये.

वरच्या नमुन्याच्या रानात सप्टेंबरअखेर लांब पाइपात पाणी ७५ सेंटिमीटरला आणि आखूड पाइपात ३० ला उभे राहिले तर मे महिन्यातले वाचन बरोबर होते. लांब पाइपातले पाणी ५० च्या वर आले तर जमीन बदलू लागली आहे आणि भिंतीवरचे रंग अजून तिथवर पोहोचलेले नाहीत. मग पुढचा हिशेब रंगावरून करायचा नाही, पाइपातल्या नोंदीवरून करायचा, आणि निचऱ्याच्या चराची खोलीही त्याच नोंदीवरून ठरवायची.